कपाळावरचा हात आणि गालावरची बट

गेल्या सप्टेंबरात कासच्या पठारावर मावशीचा एक फोटो काढला. भर दुपार, डोक्यावर ऊन, म्हणून तिने कपाळाशी हात आडवा धरला होता. घरी येऊन पाहिलं तर डोळ्यांवर बोटांची काळी झालर आणि वाऱ्याने उडालेली एक बट गालावरून थेट ओठांपर्यंत. चेहरा मात्र इतका हसरा की फोटो टाकवेना.

अशा वेळी बहुतेक जण एकच ब्रश घेऊन सगळं घासत सुटतात आणि चेहऱ्याचं मेण होतं. केसाने त्याच्यामागची त्वचा झाकलेली असते, त्यामुळे ती फोटोत उतरलेलीच नसते आणि शेजारून उसनी आणावी लागते. सावलीखालची त्वचा मात्र छिद्रं-सुरकुत्यांसकट तिथेच असते, फक्त अंधारात. ती पुसायची नसते, उजळायची असते. भिंगात ऊन शिरून उमटणारा तिरीप-पट्टा याच्या उलट, तिथे वरून जादा प्रकाश सांडलेला असतो. तो उतरवायचा. पट्ट्याचा मधला भाग पांढराफटक झाला असेल, तर तिथे उतरवायलाही काही शिल्लक नसतं आणि केसासारखाच उपाय करावा लागतो.

मावशीच्या फोटोत आधी सावली घेतली. फोटोशॉपमध्ये Curves चा वेगळा थर टाकला आणि रेघेचा मधला भाग वर ओढला, सावलीतला गाल उन्हातल्या गालाइतका उजळ होईपर्यंत. बाकीचा फोटो तेवढ्यात भगभगीत होतो, होऊ द्यावा. मग थराचा मुखवटा Ctrl+I ने काळा करायचा, म्हणजे परिणाम झाकला जातो, आणि मऊ कडेच्या पांढऱ्या ब्रशने फक्त सावलीवर रंगवायचं. ब्रशचा Flow मी 15 च्या आसपास ठेवतो. एका फटक्यात होत नाही, हात पुन्हापुन्हा फिरवावा लागतो.

उजेड जुळला तरी मावशी आजारी दिसत होती. कारण उघड्यावरच्या सावलीत सूर्य पोचत नाही, पण निळं आभाळ पोचतं. उन्हातल्या गालावर तांबड्याचा आकडा 210 होता, सावलीत 116, म्हणजे जवळपास निम्मा. निळा मात्र 140 वरून 88 पर्यंतच उतरला होता. दोन्ही सारखे वर ओढले की निळा जास्त होतो आणि त्वचा राखाडी पडते. त्याच थरात Blue निवडून रेघ किंचित खाली दाबली, तेव्हा कुठे गालाला रंग आला.

खरी कसोटी सावलीच्या कडेला. हात चेहऱ्याच्या जितका जवळ तितकी कड धारदार. दहा सेंटिमीटरवरच्या बोटाची कड जेमतेम एक मिलिमीटर पसरते. त्यात सावली-उन्हाच्या सीमेवर त्वचा थोडी लालसर दिसते, कारण प्रकाश कातडीत शिरून आतल्या आत पसरतो. म्हणून कितीही जपून रंगवलं तरी एक बारीक रेघ उरतेच. ती Healing Brush ने, पण छोट्या छोट्या ठिपक्यांनी घालवायची. फोटो व्हॉट्सॲपवरून आलेला असेल तर उजळल्यावर सावलीत चौकोनी ठिगळं वर येतात. त्यासाठी कॅमेऱ्यातली मूळ फाइल मागून घ्यावी.

बटेचं काम वेगळ्या, रिकाम्या थरावर केलं, म्हणजे चुकलं तर खोडता येतं. गालावर Healing Brush, नमुना केसाला लागूनच घेतलेला आणि फटकारे आखूड. पण हाच ब्रश केस ओठाला भेटतो तिथे नेला तर ओठांचा लाल रंग गालावर ओघळतो. तिथे Clone Stamp वापरायचा, ओठांच्या कडेवर नेम धरून. आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते, ती म्हणजे केसाची स्वतःची बारीक सावली. केस गेला आणि सावली राहिली, तर गालावर ओरखडा उठल्यासारखा दिसतो. शिवाय बट मुळापाशी कापून टाकू नये, केसांच्या झुपक्यात हळूहळू विरू द्यावी. मध्येच तुटलेला केस लगेच डोळ्यात भरतो.

दोन तास खपून फोटो मावशीला दाखवला. तिने चष्मा पुसून नीट पाहिला आणि म्हणाली, ‘‘अरे, हात कपाळावर आहे, मग त्याची सावली कुठे गेली?’’

तिचं बरोबर होतं. हनुवटीखाली, नाकाखाली सावल्या होत्या आणि एवढा आडवा हात मात्र बिनसावलीचा. मी Curves च्या थराची Opacity 65 वर आणली. डोळे दिसू लागले, सावलीही थोडी परतली. आता तोच फोटो तिच्या दिवाणखान्यात लावलेला आहे.