दोरी, रूळ आणि तीन मापं

रेल्वेचं वळण तपासताना बाहेरच्या रुळाच्या आतल्या कडेला २० मीटरची दोरी ताणून धरतात. दोरीची दोन्ही टोकं रुळाला टेकलेली असतात आणि मध्यावर रूळ दोरीपासून दूर गेलेला असतो. तिथलं अंतर पट्टीने मोजायचं. रेल्वेवाले त्याला वर्साइन म्हणतात. वर्साइन १०० मिलिमीटर भरली, तर वळणाची त्रिज्या ५०० मीटर. त्या वर्तुळाचं केंद्र कुणाच्या तरी शेतात, अर्धा किलोमीटर दूर असतं. तिकडे जाण्याची कुणालाच गरज पडत नाही.

इतक्याशा मापातून वळण कसं कळतं? रेषेचा चढ म्हणजे पहिला विकलज, आणि तो चढ किती वेगाने बदलतो हे सांगणारा दुसरा विकलज. वळण दुसऱ्यात असतं. आपल्याकडे मात्र फक्त तीन ठिकाणची उंची आहे: मधली f(x), आणि h इतक्या अंतरावरच्या डाव्या-उजव्या शेजाऱ्यांची.

ब्रूक टेलर या इंग्रज गणितज्ञाने १७१५ साली छापलेलं सूत्र इथे कामी येतं. एका बिंदूपाशी वक्राचे सगळे विकलज माहीत असतील, तर शेजारची उंची h च्या वाढत्या घातांची बेरीज म्हणून मांडता येते. उजवीकडे गेलो तर:

```
f(x+h) = f + h f' + (h²/2) f'' + (h³/6) f''' + (h⁴/24) f'''' + ...
```

डावीकडे जायचं तर h च्या जागी −h घालायचा. सम घातांना त्याचा फरक पडत नाही, विषम घातांचं चिन्ह तेवढं उलटतं:

```
f(x-h) = f - h f' + (h²/2) f'' - (h³/6) f''' + (h⁴/24) f'''' - ...
```

आता दोन्ही ओळी सरळ बेरजेला घ्या. f' ची पदं एकमेकांना खाऊन टाकतात, f''' चीही. उरतं ते असं:

```
f(x+h) + f(x-h) = 2f + h² f'' + (h⁴/12) f'''' + ...
```

2f डावीकडे नेऊन h² ने भागलं की झालं:

```
f'' ≈ [f(x+h) - 2f(x) + f(x-h)] / h²
```

यात चूक राहते ती साधारण (h²/12) f'''' एवढी. या बेरजेतली खरी कमाई मला f''' जाण्यात दिसते. तो राहिला असता तर चूक h च्या प्रमाणात असती. तो गेल्यामुळे ती h² च्या प्रमाणात आली. अर्थात दोन्ही शेजारी सारख्याच अंतरावर असतील तरच हे जमतं. एक जवळ आणि एक लांब असेल, तर पहिला विकलजही कटत नाही आणि सूत्र नव्याने मांडावं लागतं.

दोरीकडे परत येऊ. दोरी हाच आडवा अक्ष मानला तर टोकांची उंची शून्य, मधली ०.१ मीटर आणि h म्हणजे १० मीटर. सूत्रात घातल्यावर (०−०.२+०)/१००, म्हणजे −०.००२ मिळतं. उणे चिन्ह फक्त फुगवटा कुठल्या बाजूला आहे ते सांगतं. रूळ दोरीला जवळजवळ समांतर असल्यामुळे दुसरा विकलज म्हणजेच १/त्रिज्या, म्हणून त्रिज्या ५०० मीटर.

मग h लहान केला की उत्तर अधिक अचूक येईल, असं वाटणं साहजिक आहे. पण २० ऐवजी २ मीटरची दोरी घेतली, तर त्याच वळणाची वर्साइन अवघी १ मिलिमीटर भरते. पट्टी वाचताना एका मिलिमीटरची चूक झाली तर लांब दोरीच्या उत्तरात शेकड्याला एकाचा फरक पडतो; आखूड दोरीत मात्र वळण दुप्पट दिसतं किंवा रूळ सरळच असल्याचा निष्कर्ष निघतो. संगणकातही हेच होतं. तिथे आकडे ठरावीक अंकांपर्यंतच साठवले जातात, आणि जवळजवळ सारख्या आकड्यांच्या वजाबाकीतून उरलेला कचरा h² सारख्या चिमुकल्या संख्येने भागला की फुगतो. नेहमीच्या सुमारे सोळा अंकी हिशेबात, साध्या गुळगुळीत फलनासाठी h दहा-हजारांशाच्या आसपास ठेवणं बरं. त्याहून फार खाली गेलं की उत्तर सुधारण्याऐवजी बिघडू लागतं.

खरं उत्तर माहीत नसताना आपलं उत्तर भरवशाचं आहे का, हे कसं ओळखायचं? h निम्मा करत जा. x⁴ हे फलन घ्या, x=१ पाशी. h=०.१ असताना शेजारी १.४६४१ आणि ०.६५६१, बेरजेतून २ वजा केले, ०.०१ ने भागलं, उत्तर १२.०२. तसंच h=०.२ ला १२.०८ येतं आणि h=०.०५ ला १२.००५. उत्तरांमधला फरक आधी ०.०६, मग ०.०१५, म्हणजे बरोबर पाव झाला. खरं उत्तर १२ आहे. तुमच्या आकड्यांत हा फरक असा पावपटीने घटत नसेल, तर h अजून फार मोठा आहे, मापं पुरेशी बारीक नाहीत किंवा वक्राला तिथे कोपरा आहे, असं समजून आधी ते तपासा.