रेंज फुल, तरी नेट चालेना

गोव्यात डिसेंबरच्या गर्दीत एखाद्या हॉटेलात उतरलेल्या प्रवाशाला रात्री नऊच्या सुमारास हमखास येणारा अनुभव म्हणजे फोनवर वायफायच्या सगळ्या रेषा भरलेल्या असतात आणि तरीही साधा व्हिडिओ कॉल टिकत नाही. तो रिसेप्शनला फोन करतो. तिकडून उत्तर येतं, "राउटर रीस्टार्ट करून देतो, सर." पाच मिनिटं बरं चालतं, मग पुन्हा तेच.

त्या रेषांवर फार विश्वास ठेवू नये. हॉटेलच्या यंत्राचा आवाज फोनपर्यंत किती मोठा पोचतोय, एवढंच त्या सांगतात. फोनचं उत्तर तिकडे नीट पोचतंय का, त्याच यंत्राशी आणखी किती जण बोलतायत आणि हॉटेलात बाहेरून येणारी लाइन किती भरलीय, यातलं काहीच त्यांत दिसत नाही. नेट अडतं ते बहुतेक वेळा याच ठिकाणी.

वायफायच्या एका चॅनेलवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकतं. सभेत एकच माईक हातोहात फिरावा, तसं हे चालतं. सगळ्यांना बोलायला मिळतं, पण पाळीपाळीने. आणि एखादा फार सावकाश बोलला, तर बाकीचे ताटकळतात. कॉरिडॉरच्या टोकाच्या खोलीतला, दोन भिंतींआडचा फोन असाच सावकाश बोलतो. समजा 5 एमबीचा एक फोटो पाठवायचा आहे. जवळच्या फोनला 200 एमबीपीएसचा दुवा मिळाला असेल, तर हवेतलं त्याचं काम सेकंदाच्या पाचव्या भागात उरकतं. लांबच्या फोनला जेमतेम 6 एमबीपीएस मिळत असतील, तर त्याच फोटोला साडेसहा सेकंदांहून जास्त लागतात आणि तेवढा वेळ इतरांच्या वाट्यातून जातो. म्हणून एका खोलीतल्या अशक्त सिग्नलचा त्रास शेजारच्या चांगल्या सिग्नलवाल्यालाही होतो. नव्या, महागड्या यंत्रांत प्रत्येकाला वेळ सारखा वाटून देण्याची सोय असते. लहान हॉटेलांत आणि हॉस्टेलांत ती असेलच, असं धरून चालता येत नाही.

दुसरी अडचण बाहेरच्या लाइनची. 30 खोल्यांच्या हॉटेलात 100 एमबीपीएसची लाइन असेल, तर कागदावर ती भरपूर वाटते. एचडी चित्रपटाला साधारण 5 एमबीपीएस लागतात. रात्री जेवणानंतर 20 खोल्यांत चित्रपट सुरू झाले, की लाइन संपली. त्यात दिवसभर काढलेले फोटो प्रत्येकाचा फोन गुपचूप क्लाउडवर चढवत असतो. वर पाठवण्याचा मार्ग बऱ्याच जोडण्यांत आधीच अरुंद असतो आणि तो तुंबला, की खाली येणारं पानसुद्धा अडकून बसतं.

उपाय करण्याआधी अडथळा हवेत आहे की लाइनवर, हे ओळखणं फार महत्त्वाचं. लॅपटॉप असेल तर ते पाच मिनिटांत कळतं. वायफायच्या तपशिलात Gateway किंवा Router या नावापुढे एक पत्ता दिलेला असतो. तो 192.168.1.1 आहे असं धरू. मग एकेक करून या दोन आज्ञा द्यायच्या:

```
ping 192.168.1.1
ping 1.1.1.1
```

विंडोजवर चार उत्तरं येऊन काम आपोआप थांबतं. मॅकवर Ctrl+C दाबून थांबवावं लागतं. पहिली आज्ञा हॉटेलातल्या हॉटेलात जाऊन येते, दुसरी बाहेरच्या जगात. गोव्यातल्या त्या प्रवाशाला पहिल्या आज्ञेला 4, 180, 35, 400 मिलिसेकंद अशी उड्या मारणारी उत्तरं मिळाली, मधेच एखादं आलंच नाही, तर घोटाळा खोलीपासून यंत्रापर्यंतच्या हवेत आहे. पहिलं उत्तर सातत्याने 3-4 मिलिसेकंदांत आलं आणि दुसऱ्याला मात्र 300-400 लागले, तर लाइन तुंबली आहे. दोन्ही उत्तरं चांगली, पण स्पीड टेस्ट पहाटेही आणि रात्रीही बरोबर 2 एमबीपीएसवर अडकते, तर हॉटेलने प्रत्येक उपकरणाला मर्यादा घातलेली असते. काही हॉटेलांत पहिल्या पत्त्याकडून उत्तर देणंच बंद केलेलं असतं. अशा वेळी कॉरिडॉरमध्ये यंत्राखाली उभं राहून स्पीड टेस्ट घ्यायची आणि खोलीतल्या आकड्याशी ताडून पाहायची.

दोष हवेत असेल, तर प्रवाशाच्या हाती बरंच काही असतं. बऱ्याच हॉटेलांत वायफायचं यंत्र कॉरिडॉरच्या छताला असतं आणि दार व पलंग यांच्या मधोमध बाथरूम येतं. तिथल्या टाइल्स, पाइप आणि मोठा आरसा सिग्नल खातात. त्यामुळे खिडकीजवळच्या टेबलापेक्षा दाराशेजारची खुर्ची कामाला बरी. 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झची नावं वेगळी दिसत असतील, तर 5 निवडावं, 2.4 वर एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच आहेत आणि ब्लूटूथही तिथेच असतं. फक्त 5 चा पल्ला कमी, भिंती त्याला लवकर अडवतात, म्हणून यंत्र जवळ हवं. लॉबीत जोडलेला फोन खोलीत आल्यावरही लॉबीतल्याच यंत्राला चिकटून राहतो, असंही होतं. वायफाय बंद करून पुन्हा सुरू केलं, की तो जवळचं यंत्र शोधतो.

सगळ्यांत खात्रीचा उपाय जुनाच आहे. टेबलाखाली किंवा टीव्हीमागे केबलचं सॉकेट असेल आणि ते चालू असेल, तर यूएसबीचा छोटा लॅन अडॅप्टर लावून हवेतली सगळी गर्दी टाळता येते.

लाइनच तुंबलेली असेल, तर खोलीत जागा बदलून काही होत नाही. स्वतःचा भार तेवढा कमी करता येतो. विंडोजवर Metered connection, आयफोनवर Low Data Mode सुरू केलं, की मागून चालणारी बरीचशी ये-जा थांबते. फोटोंचा बॅकअप मात्र स्वतः बंद केलेला बरा. कॉलमधला कॅमेरा बंद केला, की नुसत्या आवाजाला 100 केबीपीएसच्या आत भागतं. मोठी फाइल पहाटे पाठवावी. काम थांबवता येण्यासारखं नसेल, तर मोबाइल डेटा वापरावा आणि तोही फोन यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडून. हॉटस्पॉट लावला, तर पुन्हा त्याच गजबजलेल्या हवेत शिरावं लागतं.

विमानतळावर गोष्ट बऱ्याचदा वेगापर्यंत जातच नाही. फोन जोडला जातो, पण लॉगिनचं पान उघडत नाही. ते पान हॉटेल किंवा विमानतळ मधे घुसून दाखवतो आणि व्हीपीएन किंवा अँड्रॉइडचं Private DNS सुरू असेल, तर फोन त्याला घुसू देत नाही. दोन्ही तात्पुरती बंद करून ब्राउझरमध्ये neverssl.com उघडलं, की पान बहुधा समोर येतं. लॉगिन झालं, की व्हीपीएन पुन्हा सुरू करावा. भारतात आणखी एक अडचण आहे. बहुतेक ठिकाणी ओटीपी मोबाइलवरच येतो. अमेरिकेहून किंवा दुबईहून सुट्टीला येणाऱ्या कुटुंबाचं भारतीय सिम बंद पडलेलं असेल, तर त्यांनी विमानतळावरच्या मदतकक्षात पासपोर्ट दाखवून कूपन मिळतं का, ते विचारावं. न्यायला येणाऱ्या नातलगांचा नंबर आणि भेटायची जागा मात्र विमानात बसण्याआधीच लिहून घ्यावी.

रिसेप्शनशी बोलतानाही पिंगचे ते आकडे कामाला येतात. "नेट स्लो आहे" या तक्रारीवर रीस्टार्टपलीकडे काही होत नाही. "तुमच्या राउटरपर्यंतच चारशे मिलिसेकंद लागतायत, यंत्राजवळची खोली मिळेल का?" असं विचारलं, की खोली बदलून मिळण्याची शक्यता वाढते. मर्यादा घातलेली असेल, तर जास्त वेगाचा पास मागावा. आणि कामासाठीच जायचं असेल, तर बुकिंगआधी फोन करून खोलीत चालू केबल आहे का आणि वायफायचं यंत्र कोणत्या खोल्यांजवळ आहे, हे दोन प्रश्न विचारून घ्यावेत.