भाव एकच, बोलणं गोड

आज बोलूया मोबाइलवर येणाऱ्या एका प्रश्नाबद्दल. आपण कांदा-लसूण मसाल्याचा फोटो टाकतो आणि खाली भाव लिहितो, 520 रुपये किलो. दोन मिनिटांत उत्तर येतं, "480 ला द्या ना ताई." मग आपलं काय होतं? एक तर चिडून लिहितो, "परवडत नसेल तर राहू द्या." नाही तर गिऱ्हाईक जाईल या भीतीने "बरं, घ्या" म्हणतो. पहिल्यात गिऱ्हाईक जातं, दुसऱ्यात नफा.

नफा किती जातो, ते वहीत मांडून बघा. आमच्या गटाचा हिशोब असा आहे. एक किलो मसाल्याला मिरची, खोबरं, कांदा, लसूण, खडा मसाला आणि तेल मिळून 340 रुपये. भाजायचा गॅस आणि डंकाचं दळप 40. पिशवी आणि लेबल 20. बायकांची मजुरी 50. झाले 450. विक्री 520 ला, म्हणजे गटाला उरतात 70. आता 480 ला दिला तर उरतात फक्त 30. गिऱ्हाइकाला 40 रुपये म्हणजे थोडीशी सूट वाटते, पण आपला निम्म्याहून जास्त नफा गेलेला असतो. तेच 70 रुपये मिळवायला आता दोन किलोपेक्षा जास्त मसाला कुटावा लागेल. हा आकडा डोक्यात पक्का असला की नाही म्हणताना हात थरथरत नाही, आणि रागही येत नाही.

आता उत्तर कसं द्यायचं ते सांगते. पहिल्यांदा भाव पाडून मागितला की लिहा: "ताई, विचारल्याबद्दल धन्यवाद. आमचा भाव सगळ्यांना एकच, 520 रुपये किलो. मसाला याच आठवड्यात कुटलाय. तुम्हाला मध्यम तिखट हवा की जास्त?" यात आभार आहेत, भाव आहे, एकच कारण आहे, आणि शेवटी प्रश्न आहे. तो प्रश्न महत्त्वाचा. त्यामुळे बोलणं भावावरून मसाल्यावर येतं. मिरची किती महाग झाली याचं लांबलचक पुराण लिहू नका. जितकी कारणं द्याल, तितके वाद घालायला मुद्दे मिळतात.

ताईंनी पुन्हा लिहिलं, "बाजारात 400 ला मिळतो." दुकानदाराला नावं ठेवायची नाहीत. तेच कारण पुन्हा द्यायचं नाही. आता दुसरा पर्याय पुढे करायचा: "हो ताई, तसाही मिळत असेल. आधी चव बघायची असेल तर आमची पाव किलोची पिशवी 140 ला आहे. आणि दोन किलो एकदम घेतलात तर घरपोच द्यायचे 40 रुपये एकदाच पडतील." बघा, किलोचा भाव हलला नाही. फेरी एकच होते, म्हणून खर्च खरंच वाचतो आणि तोच आपण गिऱ्हाइकाला देतो. पाव किलो किलोच्या मानाने महाग आहे, कारण चार पिशव्या आणि चार लेबलं लागतात. कोणी विचारलं तर हे सरळ सांगावं.

तिसऱ्यांदाही तेच आलं तर गोडीने थांबायचं: "ताई, यापेक्षा कमी करता येत नाही. पुढचा मसाला कुटला की फोटो पाठवू का?" त्या हो म्हणाल्या तर नाव वहीत लिहून ठेवा. हो म्हणाल्या नाहीत तर पुन्हा पुन्हा मेसेज करू नका.

एक चूक आमच्याच गटात झाली. एका सदस्येने ओळखीच्या बाईंना गुपचूप 480 ला दिला. त्या बाईंनी जावेला सांगितलं, आणि जावेने आमच्याच दुसऱ्या सदस्येला त्या मेसेजचा फोटो पाठवला. तिला काय उत्तर द्यायचं? तेव्हापासून मासिक बैठकीत भाव ठरतो, आणि तिन्ही उत्तरं सगळ्यांच्या मोबाइलमध्ये एकसारखी लिहून ठेवलेली असतात. ओळखीच्या माणसाला काही द्यावंसं वाटलं तर स्वतःच्या पदरचं द्यावं, गटाच्या भावाला हात लावू नये.

आणि एक लक्षात ठेवा. दहातले दोघं-तिघं घासाघीस करत असतील तर ती सवय आहे. पण ज्यांनी आधी मसाला नेला, चव घेतली, तीच गिऱ्हाइकं महाग म्हणून परत फिरू लागली, तर उत्तर बदलून भागणार नाही. तेव्हा वही उघडा आणि 340 मधलं काय कमी होतंय ते बघा. मिरची हंगामात एकदम घेतली तर कदाचित तिथेच वाट सापडेल.

येत्या बैठकीत आपापल्या मालाचा असा हिशोब मांडा, आणि तीन उत्तरं लिहून काढा.