ताक, कॅप्सूल आणि एक डबी

गेल्या श्रावणात हिवरखेडला मोठ्या आईची दाढ सुजली. दंतवैद्याने पाच दिवस क्लिंडामायसिन दिले, सूज उतरली. गोळ्या संपून आठ दिवस झाले आणि जुलाब सुरू झाले. वय 71. "बापू, पोट धरतच नाही रे, पाण्यावानी होते," ती म्हणाली. घरात कुणीही याचा दाढेशी संबंध लावला नाही. मीही नाही. औषध संपल्यावर त्याचा त्रास कशाला होईल, असेच मला वाटले होते. मेडिकलमधून जुलाब थांबवण्याची गोळी आणि 'चांगल्या जंतूंची' कॅप्सूल आली, शेजारून ताक आले.

अँटिबायोटिकने होणारे बहुतेक जुलाब साधे असतात. आपण पचवू न शकलेला कोंडा, तंतू आतड्यातले जंतू आंबवतात. ते जंतू मेले की न आंबलेले अन्न आतड्यात पाणी ओढून ठेवते. औषध बंद झाले की काही दिवसांत गाडी रुळावर येते. पण अशा शंभरातले सुमारे दहा ते वीस रुग्ण वेगळे असतात. त्यांच्या आतड्यात क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल हा जंतू माजलेला असतो. त्याचे बीजाणू पोटात निपचित पडून राहू शकतात. यकृतातून येणारे पित्ताम्ल त्यांना जागे करते. एरवी आपले जंतू त्या पित्ताम्लाचे रूप बदलतात आणि बदललेले पित्ताम्ल या जंतूला वाढू देत नाही. अँटिबायोटिकने हे राखणदारच मारले, तर रान मोकळे होते. ही पोकळी औषध थांबल्यावरही काही आठवडे राहते. मोठ्या आईचे आठ दिवस म्हणूनच फसवे होते.

आता कॅप्सूलबद्दल. लहान मुलांत, अँटिबायोटिकबरोबर पहिल्या दिवसापासून, पुरेशा मात्रेत आणि ठरावीक वाण दिले तर जुलाब कमी होतात, याला बऱ्यापैकी आधार आहे. सॅकरोमायसिस बुलार्डी हे त्यातले एक नाव. ते यीस्ट असल्याने जंतूंवरचे औषध त्याला मारत नाही. वृद्धांचे चित्र मात्र निराळे. वेल्स आणि ईशान्य इंग्लंडमधल्या रुग्णालयांत 65 वर्षांवरील जवळपास तीन हजार जणांवर प्रयोग झाला. तो 2013 साली 'लॅन्सेट'मध्ये आला. जंतूंची कॅप्सूल घेणाऱ्यांपैकी 10.8 टक्के आणि नुसती खोटी कॅप्सूल घेणाऱ्यांपैकी 10.4 टक्के लोकांना जुलाब झाले. म्हणजे फरक नाहीच. ताकाला माझा विरोध नाही, त्याने पाणी आणि मीठ पोटात जाते. पण त्यात कोणता वाण किती आहे हे कुणी मोजलेले नसते. आणि माजलेल्या डिफिसिलवर ताकही उपाय नाही, कॅप्सूलही नाही. जुलाब थांबवणारी गोळी तर अशा वेळी विष आतच कोंडून ठेवू शकते.

तिसऱ्या दिवशी तिला ताप आला, पोटात कळा येऊ लागल्या, दिवसातून सात वेळा पाण्यासारखे होऊ लागले. तपासणीची वेळ ओळखायची ती अशी: नजीकच्या काळात अँटिबायोटिक झालेले, चोवीस तासांत तीन किंवा जास्त पातळ जुलाब, दुसरे कारण दिसत नाही आणि पोट साफ करणारे औषध घेतलेले नाही. बांधून शौच होत असेल तर तपासू नये. तान्ह्या बाळाचे तर सहसा तपासूच नये. 1935 साली हा जंतू पहिल्यांदा सापडला तो निरोगी नवजात बाळांच्या शौचातच. वाढवायला अवघड, म्हणून त्याला 'डिफिसिलिस' हे नाव पडले.

चिठ्ठीवर नुसते 'स्टूल रूटीन' लिहिले तर हा जंतू दिसत नाही. त्याचे नाव घालूनच तपासणी मागावी लागते. हे कळेपर्यंत आमचा एक दिवस गेला. दुसरा मी घालवला. रात्री घेतलेली डबी कोनाड्यात ठेवून सकाळी अकोल्याला नेली. प्रयोगशाळेने ती घेतली नाही, आणि बरोबरच केले. त्यातले विष उबेत विरते आणि अहवाल खोटा 'नाही' असा येतो. ताजा, पातळ नमुना लगेच थंड करून बर्फाच्या डब्यातून न्यायचा असतो.

दुसऱ्या डबीत जंतूचे प्रथिन सापडले आणि विषही सापडले. दोन्ही बघणे गरजेचे आहे, कारण जंतू काही लोकांच्या पोटात निरुपद्रवीपणे राहतो. पीसीआर फक्त विषाचे जनुक दाखवते, विष बनत आहे की नाही ते सांगत नाही.

डॉक्टरांनी व्हँकोमायसिन तोंडाने दिले, दिवसातून चार वेळा, दहा दिवस. शिरेतून दिलेले हे औषध मोठ्या आतड्यात पोहोचत नाही. घरात साबणाने हात धुणे सुरू झाले, कारण सॅनिटायझरने बीजाणू मरत नाहीत. चौथ्या दिवशी तिने भाकर मागितली. बरे झाले का हे पाहायला पुन्हा तपासणी केली नाही. बरे वाटल्यावरही ती काही आठवडे 'आहे' असेच सांगू शकते. साधारण पाचातल्या एकाला हा आजार उलटतो, म्हणून पुढचे दोन महिने मी रोज संध्याकाळी फोन करून एकच प्रश्न विचारत होतो. ती वैतागून म्हणायची, "दुसरं काही बोलायले नाही का तुले?"