क्लॅम्प किती फुटांवर?

गच्चीवरच्या सोलर हीटरपासून निघालेला पाइप दोन क्लॅम्पांमध्ये झोळीसारखा लोंबलेला दिसला, की समजावं: प्लंबरने जुन्या लोखंडी पाइपाचं माप सीपीव्हीसीला लावलंय. आडवा जीआय पाइप दहा-बारा फूट आधाराविना ताठ राहतो. एक इंचापर्यंतच्या सीपीव्हीसीला मात्र दर तीन फुटांवर आधार लागतो. गरम पाण्याने तो मऊ पडतो, म्हणून सोलरच्या लाइनवर अंतर आणखी थोडं कमीच ठेवावं. दहा मीटरच्या लाइनला साधारण बारा क्लॅम्प. सहा लावून पैसे वाचत नाहीत; झोळीत हवा आणि गाळ अडकतो, सांध्यांवर ताण येतो.

पण क्लॅम्प करकचून आवळूही नयेत. पाणी चाळीस अंशांनी तापलं, तर हाच दहा मीटरचा पाइप सुमारे २५ मिलिमीटर वाढतो. लोखंडी जेमतेम पाच. त्याला सरकायला वाव हवा. वळणाला चिकटून क्लॅम्प मारला, तर एल्बो तडकतो.

उभ्या पाइपाला वाकण्याची भीती नसते, खाली घसरण्याची असते. तिथे प्रत्येक मजल्यावर एक आधार आणि मध्ये एक सैल क्लॅम्प पुरतो.

भिंत बुजवण्याआधी टेप लावून अंतर मोजा.