आजारपणात बुडालेली लेक्चर्स आणि क्लासची फी

लातूरला नीटच्या तयारीसाठी खोली करून राहिलेल्या मुलाला ऑगस्टमध्ये टायफॉईड झाला, तर तीन-चार आठवडे सहज जातात. ताप उतरला तरी अशक्तपणा जात नाही. मूल क्लासला परतते तेव्हा बॅच बरीच पुढे गेलेली असते. पालक क्लासच्या ऑफिसात जाऊन विचारतात, "सर, काही करता येईल का?" उत्तर येते, "बघू." इतका मोघम प्रश्न केला तर उत्तरही मोघमच येणार. नेमके काय हवे, हे आधी घरी ठरवून जावे.

पहिली मागणी रेकॉर्डेड लेक्चर्सची करावी, कारण त्यात क्लासचा खर्च फारसा नसतो. पण वर्गातले प्रत्येक लेक्चर रेकॉर्ड होतेच असे नाही. कित्येकदा जे दाखवले जाते ते मागच्या वर्षीचे किंवा दुसऱ्याच शिक्षकांचे असते. म्हणून बॅचच्या वेळापत्रकावरून बुडालेले धडे तारखेनिशी लिहून काढावेत आणि प्रत्येकाचे रेकॉर्डिंग आहे का ते विचारावे. त्या दिवसांची सराव प्रश्नपत्रके आणि झालेल्या चाचण्याही मागाव्यात. रेकॉर्डिंग नसेल, तर तोच धडा मागे असलेल्या दुसऱ्या बॅचमध्ये बसू द्यावे, हा चांगला पर्याय आहे. तिथे शंका तरी विचारता येतात.

खरी अडचण मुदतीची असते. रोज दीड-दीड तासाची तीन लेक्चर्स आणि आठवड्याचे सहा दिवस धरले, तर चार आठवड्यांत 108 तास बुडतात. नुकतेच बरे झालेले मूल चालू वर्ग सांभाळून रोज दोन तास पाहू शकले, तरी 54 दिवस लागतील. अशा वेळी "ॲपवर पंधरा दिवस खुले ठेवतो" ही सवलत कागदावरच राहते. लेक्चर्स परीक्षेच्या दिवसापर्यंत खुली असावीत आणि किती वेळा पाहावे यावर बंधन नसावे, असे स्पष्ट मागावे.

रेकॉर्डिंग नाही आणि दुसरी बॅचही नाही, तर बुडालेल्या दिवसांची फी पुढच्या हप्त्यात वळती करून मागता येते. हिशेब मात्र प्रामाणिक हवा. समजा, वर्षाची फी जीएसटी सोडून एक लाख आहे. त्यातले 20 हजार पुस्तके आणि चाचणीमालेचे, जे मुलाला मिळालेच आहेत. उरले शिकवणीचे 80 हजार. कोर्स 40 आठवड्यांचा, म्हणजे आठवड्याला 2,000. चार आठवड्यांचे 8,000, त्यावर 18 टक्के जीएसटी 1,440, एकूण 9,440 रुपये. असा आकडा मांडला की ऑफिसातल्या माणसालाही मालकांपुढे काहीतरी ठेवता येते.

इथे एक भेद समजून घ्यायला हवा. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी 2024 मध्ये कोचिंग क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पूर्ण फी भरलेला विद्यार्थी मध्येच क्लास सोडून गेला, तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत द्यावी, असे त्यांत आहे. ही तरतूद क्लास सोडणाऱ्यासाठी आहे. आजारी पडून परत येणाऱ्याला ती थेट लागू होत नाही. शिवाय या सूचना राज्यांनी स्वीकारून अमलात आणायच्या आहेत. त्यामुळे "आमचा हक्कच आहे" असे म्हणत गेल्यास बोलणे तिथेच तुटते. मात्र माहितीपत्रकात "बुडालेल्या लेक्चर्सचे बॅकअप मिळेल" असे छापले असेल, तर बाजू एकदम भक्कम होते. पैसे घेऊन कबूल केलेली गोष्ट न देणे ही सेवेतील त्रुटी ठरू शकते. म्हणून प्रवेशावेळचे माहितीपत्रक फेकू नये.

अर्ज ईमेलने करावा आणि तो छोटा असावा: "माझा मुलगा अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत टायफॉईडमुळे गैरहजर होता. डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडले आहे. सोबतच्या यादीतील लेक्चर्स परीक्षेपर्यंत उपलब्ध करून द्यावीत. ते शक्य नसल्यास 9,440 रुपये पुढील हप्त्यात वळते करावेत. आठ दिवसांत लेखी कळवावे." प्रमाणपत्रावर आजाराच्या आणि विश्रांतीच्या तारखा हव्यातच, नुसते "उपचार घेतले" असे लिहिलेले असेल, तर गैरहजेरीशी त्याचा मेळ लागत नाही. जमल्यास आजाराच्या पहिल्याच आठवड्यात क्लासला कळवून ठेवावे.

"पुढच्या वर्षी रिपीटर बॅचला सूट देऊ" हे तोंडी आश्वासन मी तरी स्वीकारणार नाही. मुलाची निवड झाली तर ती सूट कुणाच्याच कामाची नाही, आणि नाही झाली तरी तोवर फी वाढलेली असू शकते. रक्कम, कोणत्या हप्त्यात वळती होणार आणि कधीपर्यंत, हे तिन्ही लेखी घ्यावे. "यापुढे कोणतीही तक्रार नाही" असा मजकूर असलेल्या कागदावर त्याआधी सही करू नये.

लेखी कबूल केलेलेही मिळाले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. त्यानेही काम झाले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. भरलेली फी पाच लाखांपर्यंत असल्यास तिथे तक्रारीला शुल्क लागत नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते.