डिप्लोमा करता करता मशीन लर्निंग : फुकट साहित्यावर १४ आठवड्यांचा आराखडा

तालुक्याच्या गावात कॉम्प्युटर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असलेला विद्यार्थी मशीन लर्निंग शिकायला बसतो, तेव्हा साहित्य कमी पडत नाही, उलट जास्त होते. दहा व्हिडिओ मालिका सुरू होतात आणि तिसऱ्या भागाच्या पुढे एकही जात नाही. त्यावर साधा उपाय म्हणजे एकच डेटासेट धरायचा आणि त्याला लागेल तेवढेच शिकायचे.

वेळ कुठून काढायचा?

आठवड्याला सहा तास पुरतात. चार संध्याकाळी पाऊण-पाऊण तास आणि रविवारी सलग तीन तास. युनिट टेस्टच्या आठवड्यात अभ्यास थांबवा आणि आराखडा एक आठवडा पुढे ढकला. लॅपटॉप जुना असला तरी चालतो, कारण गुगल कोलॅबमध्ये कोड गुगलच्या संगणकावर चालतो. मात्र सेशन संपले की तिथे अपलोड केलेली फाइल जाते. म्हणून ती ड्राइव्हवर ठेवा.

कोणत्या आठवड्यात काय?

पहिले चार आठवडे कॅगल लर्नवरचे पायथॉन आणि पांडाज हे दोन मोफत कोर्स करा. पाचव्या-सहाव्या आठवड्यात खाली दिलेला डेटा नुसता तपासा. सातव्या ते दहाव्या आठवड्यात कॅगलचाच मशीन लर्निंगचा प्राथमिक कोर्स घ्या. त्यात घरांच्या किमतींचा अंदाज शिकवतात. 'हो की नाही' असे उत्तर देणारे लॉजिस्टिक रिग्रेशन सायकिट-लर्नच्या मोफत मार्गदर्शिकेतून शिका. शेवटचे चार आठवडे प्रकल्पाला द्या. एनपीटीईएलचे याच विषयावरचे सविस्तर कोर्स सुट्टीसाठी राखून ठेवा.

डेटासेट कोणता?

कॅगलवर 'पिमा इंडियन्स डायबेटिस' नावाचा डेटासेट मिळतो. अमेरिकेतील ॲरिझोनाच्या पिमा समाजातील ७६८ महिलांच्या यात नोंदी आहेत. त्यांपैकी २६८ जणींना मधुमेह आहे, ५०० जणींना नाही. फाइल लहान असल्याने मोबाइल डेटावरही लगेच उतरते. मॉडेल बनवण्याआधी एवढे चालवा :

```python
import pandas as pd
df = pd.read_csv("diabetes.csv")
cols = ["Glucose", "BloodPressure", "Insulin", "BMI"]
print((df[cols] == 0).sum())
```

इन्सुलिनच्या रकान्यात ३७४ शून्ये निघतील, रक्तदाबाच्या रकान्यात ३५. जिवंत माणसाचा रक्तदाब शून्य नसतो. म्हणजे इथे मोजमापच नाही, त्या जागी शून्य भरले आहे. हे न पाहता पुढे गेलात तरी कोड एरर देत नाही. मॉडेल त्या शून्यांनाच खरे मानून शिकते.

चूक नेमकी कुठे होते?

डेटाचे दोन भाग करा. ८० टक्के शिकवायला, २० टक्के परीक्षेला. भाग पाडताना `stratify=y` दिले की परीक्षेच्या १५४ नोंदींमध्ये ५४ मधुमेही आणि १०० निरोगी येतात. रिकाम्या जागा मध्यकाने भरायच्या असतील तर तो फक्त शिकवण्याच्या भागातून काढा. पूर्ण डेटातून काढला तर परीक्षेची माहिती आधीच आत झिरपते, म्हणजे प्रश्नपत्रिका पाहून पेपर दिल्यासारखे होते.

आता समजा, मॉडेलची १५४ पैकी ११८ उत्तरे बरोबर आली, म्हणजे सुमारे ७७ टक्के. आकडा चांगला दिसतो. पण काहीही न शिकता सगळ्यांना 'मधुमेह नाही' म्हटले तरी १०० उत्तरे बरोबर येतात, म्हणजे ६५ टक्के. शिवाय ११८ मध्ये ८८ निरोगी आणि ३० मधुमेही असतील, तर ५४ पैकी २४ रुग्ण सुटले. तपासणीसाठी असे मॉडेल निरुपयोगी ठरेल. हा हिशेब `confusion_matrix` दाखवते. त्यामुळे अचूकतेच्या आधी तेच छापायची सवय लावा.

१५४ नोंदींची परीक्षा लहानही आहे. `random_state` चा आकडा बदलून पाच वेळा चालवा. निकाल काही टक्क्यांनी वर-खाली होईल. म्हणून प्रकल्पात एकच सर्वोत्तम आकडा न लिहिता पाचही लिहा.

गणित किती लागते?

सरासरी, मध्यक, प्रमाण विचलन आणि डेरिव्हेटिव्ह हे डिप्लोमाच्या गणितात येतेच. सुरुवातीला तेवढे पुरते. अडले तर मागे जाऊन तोच धडा वाचा, गणिताची वेगळी मालिका सुरू करू नका.

शिकलो हे कसे ओळखायचे?

चौदाव्या आठवड्यात एक पान लिहा : शून्यांचे काय केले, किती रुग्ण सुटले आणि हे मॉडेल आपल्या गावातल्या दवाखान्यात का वापरता येणार नाही. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर डेटातच आहे. या नोंदी एकाच समाजातील, २१ वर्षे व त्यावरील महिलांच्या आहेत. हे पान व्हिडिओ न बघता लिहिता आले, की दुसरा डेटासेट उघडा.